दर दोन मिनिटांनी एक चमचा

प्रिय मीनल,

ताप उतरला, आता नुसता अशक्तपणा आहे, असं काकू फोनवर म्हणाल्या. तेव्हा विश्रांती घेच, पण हे पत्र एकदा वाचून काढ. तू नव्हतीस त्या आठवड्यात मॅडमनी लहान मुलांचे जुलाब आणि डिहायड्रेशन हा सगळा भाग उरकला, आणि पुढच्या महिन्यात आपली पोस्टिंग बालरुग्ण विभागातच आहे. स्लाइड्सचे फोटो वेगळे पाठवले आहेत. नुसते फोटो पाहून काय पाठ करायचं आणि काय सोडायचं ते कळणार नाही, म्हणून हे लिहितेय. जिथे मी 'खूण' म्हणेन तिथे पेन्सिलीने खरंच खूण कर.

पहिल्या दिवशी कारणं झाली. रोटाव्हायरस, ई. कोलाय, कॉलरा, दूषित पाणी, न धुतलेले हात. ही यादी पुस्तकात जशीच्या तशी आहे, एकदा वाचलीस की झालं. मॅडमनी जोर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर: बहुतेक वेळा मूल जंतूमुळे थेट दगावत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे दगावतं. जंतू ओळखेपर्यंत थांबायची गरज नसते. पाणी परत घालायला लगेच सुरुवात करता येते.

आता पहिली खूण. जुलाब चालू असताना आतड्यातून पाणी सारखं बाहेर पडतंय, मग तोंडाने पाजलेलं पाणी टिकतं कसं? लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेतं तेव्हा त्याच्याबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. हे एखाद्या कार्यक्रमाच्या जोडपास सारखं आहे, एकट्याला दारात अडवतात. कॉलराचं विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर फेकायला लावतं, पण या प्रथिनाला ते हात लावत नाही. म्हणून भयंकर जुलाबातही ही वाट उघडी राहते. नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही आणि नुसतं साखरेचं पाजूनही भागत नाही, ते याच कारणाने. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलराच्या रुग्णांना असं द्रावण तोंडाने देऊन सलाईनची गरज बरीच कमी करता येते हे दाखवलं.

यापुढच्या इतिहासाच्या स्लाइडवर परीक्षेत फार तर एक गुण असेल, पण मला ती सगळ्यात आवडली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले आणि तिथे कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईनचा साठा संपत आला. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्यांत भरलं, पाण्यात कालवून पिंपांत ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. तिथल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत राहिलं. त्याआधी अशा छावण्यांत ते तीस टक्क्यांच्या घरात जात होतं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला त्यातली नातेवाइकांची गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रशिक्षित माणसाशिवाय हे उपचार होऊ शकतात, हे तिथे दिसलं. आपल्या आशाताई आज ज्याला जलसंजीवनी म्हणतात ते याच्याच पुढचं पाऊल.

पाकिटात काय असतं ते लक्षात ठेवायला सोपं आहे. एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज साडेवीस ग्रॅम. पोटॅशियम जुलाबातून जातं म्हणून ते भरून काढायचं. सायट्रेट रक्तातली आम्लता कमी करतं, आणि जुन्या पाकिटातल्या सोड्यापेक्षा दमट हवेत जास्त टिकतं. द्रावणात सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ एकक, अशी बरोबरी ठेवली आहे. आधीच्या फॉर्म्युल्यात दोन्ही जास्त होते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने हा पातळ फॉर्म्युला सुचवला, कारण त्याने उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण कमी होतं आणि सलाईन लावायची वेळही कमी येते.

यातूनच दुसरी खूण: पाणी मोजूनच घ्यायचं. बाजारात लिटरचं मोठं पाकीट असतं आणि पेल्याएवढ्या, २०० मिलीच्या पाण्याचं छोटंही असतं. लोक मोठं पाकीट फोडून पेलाभर पाण्यात कालवतात. मग मीठ पाचपट होतं, म्हणजे सोडियम ७५ ऐवजी ३७५. रक्तात ते साधारण १४० असतं. असं खारट द्रावण आतड्यात पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं, मूल चिडचिडं होतं आणि झटकेही येऊ शकतात. उलट 'थोडं थोडं वापरू' म्हणून पाव पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर मिठाची भरपाईच होत नाही. मॅडमनी सांगितलेली युक्ती अशी की आईला पाकिटावरचं वाचायला सांगायचं नाही, 'घरातलं कोणतं भांडं घ्याल?' असं विचारायचं आणि त्यात पाणी मोजून दाखवायचं. कालवलेलं द्रावण चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

कोल्ड्रिंक आणि दुकानातली गोड सरबतं या कामाची नाहीत. कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलीमागे दहाएक ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये सव्वा ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. मीठ जवळपास नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी घातली ती याच घोटाळ्यामुळे. मेडिकलमध्ये टेट्रापॅक मागणाऱ्याला काय द्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येईल असं मला वाटतं.

तिसरी खूण सगळ्यात मोठी. तपासणी चार गोष्टींची: मुलाची अवस्था, डोळे, तहान आणि पोटाच्या कातडीचा चिमटा. मूल नेहमीसारखं, डोळे ठीक, चिमटा लगेच बसतो, तर डिहायड्रेशन नाही. किरकिरं, डोळे खोल गेलेले, पेला दिसला की झडप घालतं, चिमटा हळू बसतो, यातली दोन लक्षणं असली तर थोडं डिहायड्रेशन. सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिणं जमत नाही किंवा नीट पीत नाही, चिमटा बसायला दोन सेकंद किंवा जास्त लागतात, यातली दोन दिसली तर गंभीर. चिमटा बेंबी आणि कुशीच्या मध्ये, कातडीची उभी घडी धरून, सोडून पाहायचा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागाने धर, बोटांच्या टोकांनी नको. एक फसवी जागा आहे: फार हडकुळ्या मुलाची कातडी पाणी कमी नसतानाही हळू बसते आणि गुटगुटीत मुलाची पाणी कमी असूनही पटकन बसते. म्हणून एकट्या चिमट्यावर कधी विसंबायचं नाही. अतिकुपोषित मुलांचे नियमच वेगळे आहेत, त्यांना नेहमीचं ओआरएस नेहमीच्या वेगाने देत नाहीत. ती स्लाइड अर्धीच झाली, पुढच्या तासाला येईल.

आता मॅडमनी फळ्यावर सोडवलेलं उदाहरण. वर्षाचा मुलगा, वजन ८ किलो, कालपासून आठ-दहा वेळा पातळ शी, दोन उलट्या. किरकिरा आहे, डोळे खोल, वाटी दिसली की हात पुढे करतो, चिमटा हळू बसतो. म्हणजे थोडं डिहायड्रेशन. अशा मुलाने वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के पाणी गमावलेलं असतं, म्हणजे इथे ४०० ते ८०० मिली. नियम सांगतो किलोमागे ७५ मिली, चार तासांत. ८ गुणिले ७५ म्हणजे ६०० मिली. पंचाहत्तर हा आकडा आकाशातून पडला नाही, तो या दोन टोकांच्या मधला आहे, हे कळलं की पाठ करावा लागत नाही.

पुढचं गणित जास्त उपयोगाचं. ६०० मिली चार तासांत म्हणजे तासाला १५० मिली. छोटा चमचा ५ मिलीचा धरला तर तासाला तीस चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक चमचा. आईला '६०० मिली पाजा' सांगितलं तर ती वाटीभर एकदम पाजते, मूल ओकतं आणि ती म्हणते, 'याला ओआरएस पचत नाही.' उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आधीपेक्षा हळू. अंगावरचं दूध मधेमधे चालूच ठेवायचं. चार तासांनी पुन्हा त्याच चार गोष्टी पाहायच्या. पापण्या सुजलेल्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि दूध द्यायचं. सुधारणा झाली तर घरी पाठवताना प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली सांगायचं, दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २०० मिली.

बाह्यरुग्ण विभागात सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यात जाईल, असं मॅडम म्हणाल्या: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते पाणी भरून काढतं. दुसऱ्या दिवशीही शी पातळ असते, आई वैतागते आणि बाहेरून बंद करायचं औषध आणते. ते लहान मुलांना द्यायचं नाही. हे आधीच सांगून ठेवलं तर ती पाजणं सोडत नाही. झिंकचंही तसंच, २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून रोज, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. खाणंही बंद करायचं नाही. मऊ भात, वरण, केळं, दही, जे घरात असेल ते थोडं थोडं, वारंवार.

शेवटच्या दिवशी मर्यादा झाल्या. बेशुद्ध, नीट पिऊ न शकणारं, सतत ओकणारं किंवा पोट फुगलेलं मूल यांच्यासाठी चमचा नाही, शिरेतून रिंगर लॅक्टेट. किलोमागे १०० मिली: एक वर्षाच्या आतल्या बाळाला पहिले ३० एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत, मोठ्यांना तेच अर्ध्या तासात आणि अडीच तासांत. जुलाबात रक्त दिसलं तर ते वेगळं प्रकरण, तिथे डॉक्टर अँटिबायोटिकचं ठरवतात. आणखी एक विरळा प्रसंग: काही मुलांत ग्लुकोज तात्पुरतं शोषलंच जात नाही, मग ओआरएस दिलं की शीचं प्रमाण वाढतं आणि बंद केलं की घटतं. असं दिसलं तर वाट न पाहता सांगायचं.

चिमट्याचा सराव आम्ही एकमेकींच्या हातावर केला, पण पोटावरच शीक, हाताची कातडी वेगळी वागते. तू आलीस की वॉर्डमधल्या वजनकाट्याजवळ भेटू. आधी वजन घेऊन मग हिशोब, हे तिथेच समजावते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुनीता