एनपीए नेमका किती उतरला?

सकाळी 9.30

ऑगस्ट उतरणीला लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या पतसंस्थांमध्ये अहवालाची धांदल सुरू होते. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ताळेबंद तयार असतो, नफा-तोटा पत्रक तयार असतं. राहिलेली असतात ती पुढची चार-पाच पानं, ‘मा. सभासद बंधू-भगिनींनो’ अशी सुरू होणारी. सभासद वाचतात ती हीच पानं, आणि टक्क्यांची गर्दीही तिथेच असते.

मी चिखलीत लेखापरीक्षणाचं काम करतो. आज मेहकर तालुक्यातल्या एका संस्थेचा मसुदा समोर आहे. संस्थेचं नाव सांगत नाही आणि आकडेही गोल करून घेतले आहेत. ताळेबंदासोबत छापला जाणारा बाकीचा मजकूर ताळेबंदाशी विसंगत नाही ना, हे लेखापरीक्षकाने वाचून पाहावं, असं आमच्या मानकांपैकी एस.ए. 720 सांगतं. त्या मजकुराचं लेखापरीक्षण करायचं नसतं, पण डोळे झाकून तो छापूही द्यायचा नसतो.

मसुदा हातात आला की मी लाल पेनाने प्रत्येक ‘टक्के’ या शब्दाखाली रेघ ओढतो. समासात तीन गोष्टी लिहितो: मागच्या वर्षीचा आकडा, यंदाचा आकडा, आणि हे टक्के कशाचे. पहिल्या दोन गोष्टी ताळेबंदात सापडतात. घोळ बहुतेक वेळा तिसरीत असतो.

सकाळी 10.30

सोपी वाक्यं आधी उरकतो. ‘अहवाल सालात ठेवींमध्ये 14 टक्के वाढ झाली.’ ठेवी 50 कोटींवरून 57 कोटींवर गेल्या, वाढ 7 कोटींची. 7 भागिले 50, म्हणजे 14 टक्के. बरोबर.

‘गतवर्षीची 40 टक्के घट भरून काढून नफ्यात 50 टक्के वाढ.’ इथे दोन्ही टक्के बरोबर आहेत, तरीही वाक्य चुकलेलं आहे. नफा 80 लाखांवरून 48 लाखांवर घसरला, ती घट 40 टक्के. तो यंदा 72 लाखांवर आला, ती वाढ 50 टक्के. पण 80 चे 40 टक्के 32 लाख होतात आणि 48 चे 50 टक्के फक्त 24 लाख. अजून 8 लाख भरून यायचे आहेत. ‘भरून काढून’ हे शब्द काढा, एवढंच समासात लिहिलं.

सकाळी 11.30

प्रस्तावनेत जिल्ह्याच्या प्रगतीचा एक परिच्छेद आहे: ‘2001 ते 2011 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या 15.85 टक्क्यांनी आणि साक्षरता 7.6 टक्क्यांनी वाढली.’ आकडे जनगणनेतलेच आहेत, पण एकाच वाक्यात दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आहेत.

लोकसंख्या 22,32,480 होती, ती 25,86,258 झाली. वाढ 3,53,778 माणसांची. तिला 22,32,480 ने भागलं की 15.85 टक्के मिळतात. ही खरी टक्केवारीतली वाढ. साक्षरतेचा आकडा मात्र मुळातच टक्क्यांत असतो: सुमारे 75.8 टक्क्यांवरून 83.4 टक्के. इथे कुणी भागाकार केलेलाच नाही, नुसती वजाबाकी केली आहे. अशा वजाबाकीला टक्केबिंदू म्हणतात. साक्षरतेचं प्रमाण 7.6 टक्केबिंदूंनी वाढलं. तेच टक्क्यांत सांगायचं तर 7.6 भागिले 75.8, म्हणजे सुमारे 10 टक्के वाढ. आणि साक्षर माणसं किती टक्क्यांनी वाढली, हा तिसराच प्रश्न आहे. लोकसंख्याही वाढलेली असल्याने त्याचं उत्तर यापेक्षा बरंच मोठं येईल.

परिच्छेद असा दुरुस्त केला: ‘साक्षरतेचं प्रमाण 75.8 टक्क्यांवरून 83.4 टक्क्यांवर गेलं.’ दोन्ही टोकं छापली की टक्केबिंदू हा शब्द न वापरताही अर्थ पोचतो. शक्य तिथे मी हाच उपाय सुचवतो.

दुपारी 12.30

आता मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरचं, चौकटीतलं ठळक वाक्य: ‘एनपीएमध्ये 25 टक्के घट!’ आतल्या तक्त्यात याच गोष्टीसाठी ‘घट 2 टक्के’ असं आहे. एकाच अहवालात एकाच गोष्टीचे दोन आकडे दिसले की थांबावंच लागतं.

ढोबळ एनपीएचं प्रमाण मागच्या मार्चअखेर 8 टक्के होतं, यंदा 6 टक्के आहे. वजाबाकी केली तर 2 टक्केबिंदू, भागाकार केला तर 2 भागिले 8, म्हणजे प्रमाणात 25 टक्के घट. तक्त्यातल्या 2 च्या पुढे ‘टक्केबिंदू’ हवं होतं, एवढीच चूक असती तर काम सोपं होतं. पण चौकटीत ‘एनपीएच्या प्रमाणात’ असं नाही, ‘एनपीएमध्ये’ असं आहे. सभासद याचा अर्थ असाच घेणार की बुडीत व्हायला आलेली रक्कम पाव हिश्शाने कमी झाली.

म्हणून ताळेबंद उघडला. मागच्या वर्षी येणे कर्ज 30 कोटी होतं, त्यातला एनपीए 2 कोटी 40 लाख. यंदा येणे कर्ज 41 कोटी, एनपीए 2 कोटी 46 लाख. म्हणजे रुपयांत एनपीए 6 लाखांनी, अडीच टक्क्यांनी वाढला आहे. प्रमाण उतरलं ते छेद फुगल्यामुळे. वर्षभरात 11 कोटींचं कर्ज वाढलं, आणि त्यातलं बरंचसं सोनेतारण आहे. ताजं कर्ज लगेच एनपीएत जात नाही, ठरलेल्या मुदतीइतका काळ हप्ता थकावा लागतो. कर्ज 30 कोटींवरच राहिलं असतं, तर याच 2 कोटी 46 लाखांचं प्रमाण 8.2 टक्के झालं असतं.

प्रमाण सुधारलं की मी आधी छेद पाहतो. छेद झपाट्याने वाढलेला असेल, तर सुधारणा वसुलीची आहे की नुसत्या नव्या कर्जवाटपाची, हे प्रमाणाकडे पाहून कळत नाही.

दुपारी 2.00

डबा खाऊन व्यवस्थापकांच्या टेबलाशी बसलो. “मॅडम, हे 2 टक्के कुठून आले?” त्यांनी संगणकावर तक्ता उघडला. जे वाटलं होतं तेच निघालं.

```
B9: 8%    C9: 6%
=C9-B9         -2%
=(C9-B9)/B9    -25%
```

टक्क्यांच्या दोन चौकटींची वजाबाकी केली की एक्सेल उत्तरालाही टक्क्याचंच चिन्ह लावतं. चिन्ह दिसलं की टंकणारा ‘टक्के’ लिहितो. तक्ता मॅडमनी पहिल्या सूत्राने केला होता, मुखपृष्ठाचा मजकूर करणाऱ्याने दुसरं वापरलं. दोघांनीही गणित बरोबर केलं होतं.

मग मी त्यांच्याकडे एनपीएची खातेनिहाय यादी मागितली. सुरुवातीची शिल्लक 2 कोटी 40 लाख. वर्षात त्यातून वसूल झाले 50 लाख. नव्याने एनपीएत गेलेली खाती 56 लाखांची. निर्लेखन काही नाही. 240 वजा 50 अधिक 56, बरोबर 246. बेरीज ताळेबंदाशी जुळली आणि वर्षाची खरी हकीकतही हाती आली. वसुली पथकाने जुन्या थकीत खात्यांतून 50 लाख आणले, ही मेहनत खरी आहे. त्याच वेळी मागच्या दारातून 56 लाख नव्याने थकले, हेही खरं आहे.

दुपारी 3.30

अध्यक्ष आले. शेतातून थेट आलेले, पायाला काळी माती. चौकटीवरची लाल रेघ पाहून त्यांनी विचारलं, “काऊन सर, आकडा खोटा हाय काय?”

“आकडा खोटा नाही भाऊ. 8 वरून 6 म्हणजे पंचवीस टक्केच. पण वाचणाऱ्याला वाटेल की थकलेला पैसा कमी झाला. तो सहा लाखांनी वाढलाय.”

ते थोडा वेळ यादी बघत राहिले. “मंग पन्नास लाख वसूल केले ते कुठी गेले? पोरं दारोदार फिरले ना.”

“तेच छापा ना. तेच तर तुमचं काम आहे.”

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो नाही. 50 लाखांचा आकडा 25 टक्क्यांच्या आकड्यापेक्षा जास्त खरा आहे, कारण तो कर्जवाटप वाढवून मिळवता येत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात एनपीए, वसुली या शब्दांना वजन आहे. 2012 साली रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेवर ठेवी स्वीकारण्याबाबत निर्बंध घातले, तेव्हाचे दिवस ठेवीदार विसरलेले नाहीत. बँकेतल्या ठेवींना निदान 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. इथे माणूस मुदत ठेव ठेवायची की मोडायची, हे अशाच चौकटी वाचून ठरवतो.

दुपारी 4.30

चौकट नव्याने लिहिली: ‘ढोबळ एनपीएचे प्रमाण 8 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर (2 टक्केबिंदू घट). एनपीए रक्कम 2.40 कोटींवरून 2.46 कोटी. जुन्या एनपीए खात्यांतून 50 लाखांची वसुली, नव्याने भर 56 लाख.’ अध्यक्षांनी शेवटचे चार शब्द काढता येतील का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. एका बाजूची रक्कम छापून दुसरी वगळली, तर तीच दिशाभूल रुपयांत होते.

वसुलीच्या पानावर अजून एक जागा निघाली. कर्जवसुलीचं प्रमाण 88 टक्क्यांवरून 91 टक्क्यांवर गेलं. म्हणजे थकबाकी 12 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आली. दोन्ही बाजूंनी फरक 3 टक्केबिंदूंचाच आहे. पण टक्क्यांत मांडायला गेलं की वसुलीची वाढ 3.4 टक्के दिसते आणि थकबाकीची घट 25 टक्के. मसुद्यात अर्थातच 25 होते. प्रमाण लहान असलं की त्यातला थोडा बदलही टक्क्यांत मोठा दिसतो, म्हणून अशा ठिकाणी मी टक्के नकोच म्हणतो. ‘12 वरून 9’ एवढं पुरे.

ठेवींच्या व्याजदराचं वाक्य तसंच ठेवलं: ‘8 टक्क्यांवरून साडेआठ टक्के, अर्धा टक्का वाढ.’ काटेकोर बोलायचं तर हाही अर्धा टक्केबिंदू. पण व्याजदराच्या बाबतीत ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ ही आपली रुळलेली भाषा आहे. 2025 च्या फेब्रुवारीत रेपो दर 6.50 वरून 6.25 वर आला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘पाव टक्का कपात’च लिहिलं आणि कुणाचा गैरसमज झाला नाही. दोन्ही दर शेजारी असले आणि लाखाला वर्षाचे 8,000 ऐवजी 8,500 मिळणार हे कळत असलं की शब्दावर अडून बसण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी 6.00

दुरुस्त मसुदा छापखान्यात गेला. तक्त्याच्या शेवटच्या स्तंभाचं शीर्षक मॅडमनी स्वतःहून बदललं. रकमांच्या ओळींपुढे ‘वाढ/घट (टक्के)’ आणि प्रमाणांच्या ओळींपुढे ‘फरक (टक्केबिंदू)’.

सप्टेंबरात तुमच्याही संस्थेचा अहवाल घरी येईल. त्यात ‘एनपीएमध्ये इतके टक्के घट’ असं वाचलंत, तर सभेत उभं राहून तीन आकडे मागा: एनपीएची रक्कम दोन्ही वर्षांची, येणे कर्ज दोन्ही वर्षांचं, आणि वर्षभरात नव्याने एनपीएत किती गेलं. पहिले दोन अहवालातच असतात. तिसरा व्यवस्थापकांच्या यादीत असतो आणि तो विचारल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही.