मुळे शोधा, वक्राकडे पाहा

सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूची उंची t सेकंदांनंतर साधारण 20t − 5t² मीटर असते. तो 15 मीटरच्या वर किती वेळ राहील?

म्हणजे 20t − 5t² > 15. सगळे एका बाजूला आणून −5 ने भागले, की t² − 4t + 3 < 0 मिळते. ऋण संख्येने भागल्यामुळे चिन्ह उलटते; बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

अवयव (t − 1)(t − 3), म्हणून मुळे 1 आणि 3. t² चा सहगुणक धन असल्याने अन्वस्त वर उघडतो आणि फक्त दोन मुळांच्या मधे अक्षाखाली उतरतो. म्हणून 1 < t < 3: चेंडू दोन सेकंद वर राहतो.

चिन्ह उलटवायचे राहिले, तर t = 0 लाही, हातातून सुटतानाच, चेंडू 15 मीटरच्या वर ठरतो. अशी एक किंमत घालून पडताळा जरूर घ्यावा.