दिसत नाही तो पापुद्रा

आम्ही कोथरूडमधला हा जुना फ्लॅट घेतला तेव्हा टब आयताच मिळाला. पाच फुटी, पांढरा, ॲक्रिलिकचा. आधीच्या मालकांनी हौसेनं बसवलेला आणि बहुधा बादल्या ठेवायला वापरलेला. वर्षभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावून छतावरचा पिवळट डाग दाखवला. टबाच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं होतं, म्हणून संशय तिथेच गेला. पण आधी खात्री करून घेतली. एके दिवशी कडेला थेंबही लागू न देता टब भरला आणि रिकामा केला. काकूंकडे काही झालं नाही, म्हणजे सांडपाण्याचा पाइप ठीक होता. दुसऱ्या दिवशी हँडशॉवरनं कडेवर दहा मिनिटं पाणी मारलं. दुपारपर्यंत डाग ओला.

प्लंबर आला. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, काढायची गरज नाही. वरून एक हात फिरवून देतो.” दिला. पाऊण तासाचं काम. तीन महिन्यांत कोपऱ्यातून एक टोक सुटलं, ते धरून ओढलं तर हातभर पट्टी अलगद हातात आली. खालचं जुनं सिलिकॉन जसंच्या तसं, बुरशीसकट.

यात प्लंबरचा हात कच्चा नव्हता, पदार्थाचा स्वभाव तसा आहे. सिलिकॉन ओलं असताना काचेला, टाइलला घट्ट धरतं. पण एकदा वाळलं की त्याच्यावर काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. केकचा सिलिकॉनचा साचा ज्या गुणामुळे केक अलगद सोडतो, तोच गुण टबाच्या कडेला आपल्या मुळावर येतो. त्यामुळे जुनं काढायचं तर पूर्ण काढायचं. आणि या कामातला कष्टाचा भाग जाड पट्टी काढण्याचा नाहीच. ती गेल्यावर मागे राहणारा, डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा काढण्याचा आहे.

दुसऱ्यांदा मीच बसले. सगळ्यात आधी टबाच्या तोंडाला फडकं कोंबलं, नाहीतर निघालेले तुकडे पाइपात जाऊन नवंच दुखणं होतं. मग कटर. त्याला दोन काप द्यायचे असतात: एक टाइलला पातं टेकवून वरच्या बाजूनं, दुसरा टबाच्या पृष्ठभागाला जवळजवळ आडवं धरून खालच्या बाजूनं. पातं खोल खुपसायचं नाही, सिलिकॉन कापलं जाईल इतकंच. दर दोन-तीन फुटांनी पात्याचं बोथट टोक मोडून टाकावं, कारण बोथट पातं घसरतं आणि जोर लावला की टबावर ओरखडा. चमकदार टाइल कटरला दाद देत नाही, पण ॲक्रिलिक मऊ असतं. म्हणून टबाच्या बाजूला मी शेवटी कटर ठेवूनच दिला आणि प्लास्टिकची खरवडणी घेतली. जुनं एटीएम कार्डही चालतं, फक्त त्याची गोल कोपऱ्याची बाजू कापून धारदार करून घ्यावी.

दोन्ही काप झाले की टोक पकडून सावकाश, तिरकं ओढायचं. माझी पट्टी निघाली ती तीन थरांची: वर प्लंबरचं पारदर्शक, त्याखाली जुनं पांढरं, आणि त्याखाली चक्क व्हाइट सिमेंट. हे आपल्याकडे फार घरांत सापडेल. टब पाण्यानं भरला की कडा जरा खाली दबते, रिकामा झाला की वर येते. व्हाइट सिमेंटला ही हालचाल सोसत नाही, ते तडकतं, आणि तडकलेल्या सिमेंटवर चढवलेलं सिलिकॉनही त्याच्यासोबत सुटतं. सुटं झालेलं सगळं सिमेंट मी जुन्या स्क्रूड्रायव्हरनं टाइलच्या बाजूनं उकरून काढलं. टाइल दाबल्यावर हलते का, हेही तेव्हाच पाहिलं. हलली असती तर सिलिकॉनचं काम तिथेच थांबवून आधी भिंत बघावी लागली असती.

इतकं सगळं व्हायला चाळीस मिनिटं लागली आणि कड स्वच्छ दिसू लागली. इथेच बहुतेक जण फसतात. कोरडं बोट कडेवर दाबून फिरवून पाहा. स्वच्छ जागी ते सरकतं, पापुद्रा असेल तिथे अडखळतं, आणि जोरानं चोळलं तर अभ्यंगस्नानाला उटणं लावल्यावर मळ निघतो तशा बारीक वळ्या निघतात. टाइलवर आणखी एक परीक्षा आहे: पाण्याचा हलका फवारा मारायचा. स्वच्छ टाइलवर पाणी पसरतं, सिलिकॉनवर मोत्यांसारखे थेंब उभे राहतात. ॲक्रिलिक मात्र स्वतःच थेंब धरतं, त्यामुळे टबाच्या बाजूला बोटावरच भरवसा.

टाइलवरचा पापुद्रा साबणाचं पाणी लावून, नवं पातं अगदी आडवं धरून निघतो. टबावरचा खरवडणी आणि भांडी घासायच्या मऊ, न ओरखडणाऱ्या स्पंजनं. टाइलांमधल्या बारीक फटी खडबडीत असतात, तिथे जुना टूथब्रश कामाला येतो. सिलिकॉन मऊ करणारं जेलही मिळतं, पण ते पातळ थरावर लवकर काम करतं; जाड पट्टीवर ओतून बसलात तर तासन् तास वाट बघाल. टबाच्या लपलेल्या कोपऱ्यात आधी थेंबभर लावून पाहावं, आणि नंतर अवशेष धुऊन टाकावेत. अ‍ॅसिटोन मात्र ॲक्रिलिकला लावू नका, ते टबाची चकाकी खाऊन टाकतं. हेअर ड्रायरनं सिलिकॉन वितळेल अशी एक समजूत आहे. ते वितळत नाही. सिलिकॉनची भांडी ओव्हनमध्ये जातात, हे विसरून कसं चालेल? हा पापुद्रा मला दोन तास पुरला.

फटीत राहिलेल्या काळ्या बुरशीसाठी ब्लीच: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, खिडकी उघडी, हातात मोजे. दहा मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुतलं. त्या दिवशी संडास साफ करायचं ॲसिड बाथरूममधून बाहेर ठेवलं होतं, कारण ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मग फट वाळू दिली. ही पायरी लोक सर्रास गाळतात. टबामागे साठलेलं पाणी दिवसभर झिरपत राहतं, आणि ओल्या फटीत सिलिकॉन धरत नाही. मी दोन रात्री बाथरूम कोरडं ठेवलं, आंघोळी सगळ्यांनी दुसऱ्या बाथरूममध्ये केल्या, घरच्यांची कुरकुर ऐकून घेतली. तिसऱ्या सकाळी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, बोट फिरवलं, ते कुठेच अडलं नाही.

सिलिकॉन भरण्याआधी टब पाण्यानं भरला, कडेला मात्र थेंब लागू न देता. दबलेल्या कडेवर भरलं की फट सगळ्यात रुंद असताना सिलिकॉन बसतं आणि नंतर पाण्याच्या वजनानं ताणलं जात नाही. तिन्ही बाजू मिळून साधारण दहा फूट. 280 मिलीची एक नळी पुरून उरली. बाथरूमसाठीचं, बुरशीरोधक, आम्लाचा वास न येणारं सिलिकॉन घेतलं. वर सालीसारखा थर अर्ध्या तासाच्या आतच धरतो, पण आतून ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच वाळतं, म्हणून पाणी दोन दिवस तसंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बूच काढलं. पाणी उतरलं तशी कड किंचित वर आली, सिलिकॉन दबलं आणि मध्ये थोडं फुगलं. कुठेही सुटलं नाही. मग काकूंना फोन केला आणि हँडशॉवर सुरू केला.