एक्केचाळिसाव्या मिनिटाची सुकडी

परदेशात वाढलेल्या नातवंडांना वाचता यावं म्हणून आजीच्या मराठी आठवणी रेकॉर्ड करून त्यांचं इंग्रजी प्रकरण करायला आता बरीच घरं बसतात. बहुतेक जण ऐकता ऐकता थेट इंग्रजीत लिहू लागतात, आणि तिथंच काम फसतं. आधी आजीचं बोलणं तिच्याच मराठीत, 'आमी', 'व्हतं' यांसकट, शब्दशः उतरवून काढायला हवं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात. जुना आवाज आणि बोलीभाषा असेल तर जास्तच. दर परिच्छेदापाशी मिनिटाचा आकडा टाकायचा. तो आकडा का लागतो, हे एका उदाहरणावरून कळेल.

समजा, पारनेर तालुक्यातल्या एक आजी दुष्काळाबद्दल बोलताहेत. बाराव्या मिनिटाला त्या म्हणतात, ''बहात्तरच्या उन्हाळ्यात आमी खडी फोडायला जायचो. सुमी चार म्हयन्यांची. तिला झोळीत टाकून बाभळीला बांधायची. सुकडी मिळायची, लई गोड लागायची. आत्याबाई म्हणायच्या, घरी आण. मी आणायची.'' मग विषय विहिरीवर जातो, तिथून दिराच्या लग्नावर. एक्केचाळिसाव्या मिनिटाला, सुमीच्या तब्येतीचं बोलताना, सहज वाक्य येतं: ''माझं दूधच आटलं व्हतं तवा. सुकडी सगळी घरात जायची ना.''

पहिला प्रश्न सालाचा. पाऊस फसला तो १९७२ चा. दुष्काळी कामांवरची गर्दी कळसाला पोचली ती मात्र १९७३ च्या मे महिन्यात, तेव्हा राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं कामावर होती. लोक या साऱ्याला मिळून 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात. त्यामुळे आजींचा 'बहात्तरचा उन्हाळा' बहुधा १९७३ चा असणार. याची खातरजमा सुमीच्या जन्मावरून करता येईल, पण शाळेच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नये. त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनीच तो ठरवला! ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत बघावं. नोंद सापडली नाही, तर इंग्रजीत साल न घालता 'दुष्काळातल्या उन्हाळ्यात' एवढंच लिहावं.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात आणि वाचनीय प्रकरण अडीच-तीन हजारांचं. म्हणजे कापाकापी आणि जुळवाजुळव आलीच. कोणताही सराईत संपादक बारावं आणि एक्केचाळिसावं मिनिट शेजारी आणेल. काळाच्या ओघात ते बरोबरही आहे. पण तसं केलं की प्रकरण सासूवरची तक्रार होऊन बसतं, आणि आजींनी तक्रार केलेलीच नाही. त्यांनी आधी गोडी सांगितली, दूध आटल्याचं कितीतरी नंतर, लेकीच्या संदर्भात. माझ्या मते हे अंतर इंग्रजीतही राखावं. खडीचा प्रसंग सुकडीच्या चवीवर थांबवावा आणि दुधाचं वाक्य सुमीच्या आजारपणाच्या पानावर येऊ द्यावं. वाचक आपोआप मागं वळून बघतो. शिवाय, गोड लागायची म्हणजे कधीतरी तोंडात टाकली असणारच. ते कधी, हे आजींना पुन्हा बसून विचारावं.

इंग्रजी लिहिताना खरा मोह भर घालण्याचा असतो. आजी उन्हाबद्दल अक्षर बोललेल्या नाहीत, पण लिहिणाऱ्याला तापलेलं आभाळ, भेगाळलेली जमीन, कोरडे ओठ सुचत जातात. यासाठी मिनिटांचे आकडे कामी येतात. इंग्रजी मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचं मिनिट लिहायचं. ज्याला मिनिट सापडत नाही, ते वाक्य आजींच्या 'मी'मध्ये राहू शकत नाही. ५० लाखांचा आकडा किंवा सुकडी म्हणजे काय, हे सुरुवातीला नातवाच्या स्वतःच्या टिपणात सांगावं. आजी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात. त्यांचं नावही त्या टिपणात एकदा यावं आणि पुढं प्रकरणभर 'माझे पती' एवढंच. पारनेरच्या आजींच्या तोंडी अचानक नवऱ्याचं पहिलं नाव आलं, तर घरातलं कुणीही ते बोलणं तिचं मानणार नाही.

मसुदा तयार झाला की तो आजींना मराठीत सांगायचा, शेजारी बसून, परिच्छेदागणिक थांबत. गावांची नावं, नाती, कोण आधी वारलं, या चुका इथंच सापडतात. त्या कदाचित म्हणतील, ''आत्याबाईंचं नको घालूस. त्यांना तरी कुठं पोटभर मिळत व्हतं?'' मग सुकडी घरी नेल्याचं वाक्य प्रकरणातून जातं. पण सासूच्या पोटाबद्दल त्या आत्ता जे बोलल्या, ते छापू का, हेही लगेच विचारून घ्यावं, आणि रेकॉर्डर तोवर चालूच ठेवावा.