भोके पाडल्यावर अँगलमध्ये किती पोलाद उरते?

कारखान्याच्या छताचा ट्रस, विजेचा मनोरा किंवा जिन्याखालचा तिरपा आधार यांत ओढ घेणारा भाग बहुतेक वेळा पोलादाचा अँगल असतो. इंग्रजी L अक्षरासारखा त्याचा आडवा छेद असतो, म्हणजे दोन पाय एका कोपऱ्यात जुळलेले. टोकाला त्याचा एक पाय गसेट प्लेटला बोल्टने जोडतात आणि दुसरा पाय मोकळाच राहतो. अशा अँगलची ताकद काढताना त्याच्या पूर्ण छेदातून दोन गोष्टी वजा होतात. बोल्टच्या भोकांनी काढून नेलेले पोलाद ही पहिली. दुसरी सहज दिसत नाही: मोकळ्या पायात पोलाद असते, पण जोडाजवळ ते आपला पूर्ण वाटा उचलत नाही. या दोन्ही वजावटी बोल्टच्या मांडणीवर अवलंबून असतात. म्हणून तोच अँगल आणि तेवढेच बोल्ट घेऊनही एक जोड दुसऱ्यापेक्षा बराच कमकुवत ठरू शकतो.

पहिली वजावट समजण्यासाठी १५० × ७५ × १० मिमीचा एक अँगल घेऊ. त्याचे पाय १५० आणि ७५ मिमी रुंद आहेत आणि जाडी १० मिमी आहे. कोपऱ्यातली गोलाई सोडून दिली तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २१५० चौ. मिमी भरते. १५० मिमीचा पाय गसेटला जोडायचा आहे आणि बोल्ट २० मिमी व्यासाचे आहेत. अशा बोल्टसाठी भोक २२ मिमीचे ठेवतात, आणि हिशेबात बोल्टचा व्यास न धरता भोकाचाच व्यास धरायचा असतो. भोक ड्रिलने न पाडता थेट पंच केले असेल, तर कडेचे पोलाद दुखावते. म्हणून भारतीय मानक IS 800 त्यात आणखी २ मिमी धरायला सांगते. इथे भोके ड्रिलची मानली आहेत.

१५० मिमीच्या पायावर बोल्टच्या दोन ओळी बसतात. पहिली ओळ कोपऱ्यापासून ५५ मिमीवर आहे आणि दुसरी तिच्यापुढे ६० मिमीवर. दोन ओळींमधल्या या अंतराला गेज म्हणतात, सूत्रात g. दोन्ही ओळींतली भोके समोरासमोर पाडली, तर आडव्या रेषेत एकदम दोन भोके येतात आणि ४४ मिमी रुंदी जाते. एका ओळीतले भोक दुसऱ्या ओळीतल्या दोन भोकांच्या मध्ये येईल अशी आलटून-पालटून मांडणी केली, तर सरळ आडव्या रेषेत एकच भोक येते आणि फक्त २२ मिमी जातात. मात्र पोलाद सरळ रेषेतच फाटेल असे नाही. ते एका भोकापासून तिरपे जाऊन दुसऱ्या ओळीतल्या भोकातूनही फाटू शकते. त्या नागमोडी वाटेवर दोन भोके येतात, पण तिचा तिरपा तुकडा आडव्या रेषेपेक्षा लांब असतो.

या लांबीचे श्रेय किती द्यायचे, हे तिरप्या रेषेवरच्या ताणाच्या गुंतागुंतीमुळे अचूक गणिताने सांगणे अवघड होते. १९२२ मध्ये व्ही. एच. कॉक्रेन यांनी त्यासाठी एक सोपा नियम मांडला: प्रत्येक तिरप्या तुकड्यासाठी रुंदीत s²/4g एवढी भर घालावी. यात s म्हणजे दोन भोकांमधले ओढीच्या दिशेने मोजलेले अंतर. नियम अनुभवजन्य असला तरी तो भारतासह अनेक देशांच्या मानकांत शंभर वर्षे टिकून आहे. आपल्या अँगलमध्ये s ४० मिमी ठेवले, तर भर 40²/(4×60), म्हणजे ६.७ मिमी मिळते. नागमोडी वाटेवरची वजावट ४४ उणे ६.७, म्हणजे ३७.३ मिमी. सरळ वाटेवर ती २२ मिमीच होती, म्हणून नागमोडी वाट जास्त कमकुवत आणि हिशेबात तीच धरायची. निव्वळ क्षेत्रफळ उरते १७७७ चौ. मिमी. भोके समोरासमोर असती तर ते १७१० उरले असते. s वाढवत नेले की नागमोडी वाट बळकट होत जाते, आणि या गेजला साधारण ७३ मिमीच्या पुढे सरळ वाटच निर्णायक ठरते. त्यानंतर भोके आणखी लांब सरकवून निव्वळ क्षेत्रफळ वाढत नाही.

भोके दोन्ही पायांत असतील तर अँगल कोपऱ्यातून उलगडून सपाट पट्टी केल्याची कल्पना करतात. मग दोन पायांवरच्या ओळींमधला गेज म्हणजे कोपऱ्यापासूनच्या दोन्ही अंतरांची बेरीज वजा एक जाडी. ही जाडी वजा करायला विसरले की गेज जास्त धरला जातो आणि हिशेब थोडा चुकतो.

दुसऱ्या वजावटीला शिअर लॅग म्हणतात. अँगलच्या मध्यभागी ओढ दोन्ही पायांत पसरलेली असते, पण जोडाशी येताच ती सगळी जोडलेल्या पायातल्या बोल्टमधूनच बाहेर पडते. मोकळ्या पायातली ओढ बोल्टपर्यंत पोचायची तर तिला कोपरा वळून जोडलेल्या पायात यावे लागते. हे हस्तांतर पोलादातल्या कर्तनाने, म्हणजे शिअरने होते आणि त्याला लांबी लागते. जोड आखूड असेल तर मोकळ्या पायाची कड जवळजवळ सैल राहते आणि बोल्टच्या भोकांभोवती ताण साचतो. त्यात अँगलचा गुरुत्वमध्य गसेटच्या पातळीत नसल्याने टोकाला थोडा वाकही येतो. अशा जोडात तडा बहुधा जोडलेल्या पायात, सर्वांत आतल्या बोल्टच्या भोकाच्या कडेपासून सुरू होतो. आतला म्हणजे अँगलच्या टोकापासून सर्वांत दूरचा बोल्ट, कारण तिथल्या छेदातून पूर्ण ओढ जाते.

IS 800 च्या १९८४ च्या आवृत्तीत मोकळ्या पायाचे क्षेत्रफळ एका गुणकाने कमी करत. तो गुणक दोन्ही पायांच्या क्षेत्रफळांवरून ठरे आणि जोडाची लांबी त्यात कुठेच येत नसे. हीच त्याची मोठी उणीव होती, कारण शिअर लॅगचे मूळच लांबीत आहे. अमेरिकेत मन्से आणि चेसन यांनी १९६३ मध्ये चाचण्यांच्या आधारे मांडलेला गुणक, 1 − x̄/L, थेट लांबीवर बेतलेला आहे. यात x̄ म्हणजे गसेटच्या पृष्ठापासून अँगलच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर आणि L म्हणजे जोडाची लांबी. २००७ च्या IS 800 ने वेगळे सूत्र घेतले, पण लांबीला त्यातही मध्यवर्ती जागा दिली. जोडलेल्या पायाची निव्वळ ताकद पूर्ण धरायची आणि मोकळ्या पायाची β या गुणकाने गुणायची, अशी त्याची रचना आहे:

```
β = 1.4 − 0.076 (w/t)(fy/fu)(bs/Lc)
```

यात w हा मोकळा पाय, t जाडी, fy आणि fu या पोलादाच्या लवण्याच्या व तुटण्याच्या मर्यादा, bs हे मोकळ्या पायाच्या कडेपासून छेदावरून जवळच्या बोल्टओळीपर्यंतचे अंतर आणि Lc हे पहिल्या व शेवटच्या बोल्टच्या केंद्रांमधले अंतर. Lc मध्ये टोकाबाहेरचे पोलाद मोजायचे नाही. गसेटची लांबी Lc म्हणून धरणे ही वारंवार आढळणारी चूक आहे. β ची खालची मर्यादा ०.७ आहे आणि वरची मर्यादाही मानकाने घातली आहे.

आता त्याच अँगलला सहा बोल्टांनी दोन प्रकारे जोडून पाहू. पोलाद साधे, २५० मेगापास्कलला लवणारे आणि ४१० ला तुटणारे. बोल्ट ८.८ दर्जाचे, असे सहा बोल्ट मिळून ५४० किलोन्यूटनच्या आसपास ओढ घेतात, म्हणून दोन्ही जोडांत बोल्ट अडसर ठरत नाहीत.

पहिला जोड दाटीचा आहे. दोन ओळींत तीन-तीन बोल्ट समोरासमोर, ५० मिमीच्या पिचवर. Lc फक्त १०० मिमी होते. bs १२० मिमी असल्याने β ०.९८ येतो. जोडलेल्या पायाचे निव्वळ क्षेत्रफळ १०१० चौ. मिमी उरते आणि तुटण्याची ताकद सुमारे ४५४ किलोन्यूटन.

दुसऱ्या जोडात तेच बोल्ट आलटून-पालटून, ४० मिमीच्या टप्प्याने लावले आहेत. टोकाजवळचा पहिला बोल्ट बाहेरच्या ओळीत आणि सर्वांत आतला कोपऱ्याजवळच्या ओळीत. Lc २०० मिमी झाले, β १.१९ वर गेला, जोडलेल्या पायाचे निव्वळ क्षेत्रफळ १०७७ झाले आणि तुटण्याची ताकद ५०७ किलोन्यूटनवर पोचली.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. अँगलचा पूर्ण छेद ४८९ किलोन्यूटनला, म्हणजे ढोबळमानाने ५० टनांना, लवू लागतो. दुसऱ्या जोडात हा आकडा ५०७ च्या खाली आहे, म्हणून तोच अँगलची मर्यादा ठरवतो. आधी अँगल सगळ्या लांबीभर ताणला जातो, मग कधीतरी तुटतो. पहिल्या जोडात उलट घडते. बाकीचा अँगल लवण्याआधीच भोकांपाशी तडा जातो आणि त्याची पूर्वसूचना जवळजवळ मिळत नाही. फरक ४५४ आणि ४८९ चा असला, तरी वागणुकीचा हा फरक त्या आकड्यांपेक्षा जास्त गंभीर आहे.

दाटीच्या जोडाची तूट इथेच थांबत नाही. बोल्टांचा अख्खा समूह पोलादाचा एक ठोकळा फाडून बाहेर पडू शकतो: कोपऱ्याजवळच्या बोल्टओळीच्या कडेने कर्तन आणि पायाच्या कडेपर्यंत आडवी फाट. टोकाकडचे अंतर ४० मिमी धरले, तर पहिल्या जोडात हा ठोकळा ३६१ किलोन्यूटनलाच सुटतो, म्हणजे ४५४ चा आकडा गाठण्याची वेळच येत नाही. दुसऱ्या जोडात कोपऱ्याजवळची ओळ टोकापासून २४० मिमी आत जाते, त्यामुळे त्याच तपासणीत ५१८ मिळतात आणि लवण्याची मर्यादा निर्णायकच राहते. त्या मांडणीत सर्वांत आतला बोल्ट कोपऱ्याजवळ ठेवण्याचे कारण हेच. ओळींची अदलाबदल करून आतला बोल्ट बाहेरच्या ओळीत नेला, तर कोपऱ्याजवळची ओळ ४० मिमीने आखूड होते आणि ठोकळ्याची ताकद ४६३ वर घसरते. निव्वळ छेदाच्या हिशेबात मात्र या अदलाबदलीचा मागमूसही दिसत नाही, म्हणून नुसता तो हिशेब पाहून रेखाचित्र मंजूर करू नये.

प्रत्यक्ष कामावर हे सगळे भोकांच्या जागेवर येऊन ठेपते. उभारणीच्या वेळी गसेट आणि अँगलची भोके जुळत नाहीत म्हणून गॅसने ती ओढून मोठी केली, तर रुंदी तर जातेच, शिवाय जळकी खडबडीत कड तडा सुरू होण्याची जागा बनते. लांबोळके, काळपट कडेचे भोक वॉशरच्या बाहेर डोकावताना दिसले, तर तो अँगल बदलायला हवा किंवा त्या छेदाचा हिशेब नव्याने करायला हवा. सर्वांत आतल्या बोल्टपाशी असे भोक असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करावी. आलटून-पालटून मांडलेली भोके कारखान्यात समोरासमोर पाडली गेली आहेत का, हेही टेपने मोजून कळते: एका ओळीतल्या भोकापासून दुसऱ्या ओळीतल्या जवळच्या भोकापर्यंतचे, अँगलच्या लांबीच्या दिशेचे अंतर रेखाचित्रातल्या s इतके भरले पाहिजे.

अँगल मोठा असूनही लांब जोडाला जागा नसेल, तर मोकळ्या पायाला एक छोटा जोड-अँगल लावून तोही गसेटला बांधता येतो. मग ओढ दोन्ही पायांतून बाहेर पडते आणि शिअर लॅग बरीच कमी होते. मात्र मोकळ्या पायातही भोके येतात आणि निव्वळ छेद उलगडलेल्या पट्टीवर, दोन्ही पायांतल्या सगळ्या शक्य नागमोडी वाटा तपासून काढावा लागतो.