परिच्छेदांतला प्रवास आणि तक्त्यांतला प्रवास

शाळेचें वेळापत्रक आंखण्यांत माझ्या नोकरीचीं बरीच वर्षें गेलीं. एकाच तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर नेमला गेला, तर ती चूक वेळापत्रकाच्या चौकटींत ताबडतोब डोळ्यांत भरते. परंतु तीच गोष्ट वाक्यांत लिहिली, तर दहा वेळां वाचूनहि ध्यानांत येत नाहीं. घरगुती प्रवासाच्या बाबतींतहि हेंच घडतें, हें मला 2025 च्या ऑक्टोबरांत आमच्या पुसदच्या घरीं दिसून आलें.

माझ्या पुतण्यानें सहकुटुंब सहलीचा बेत आंखून तो मोबाइलवर सर्वांकडे धाडला होता. तो असा: "आत्या शनिवारीं रात्रीं साडेबाराच्या गाडीनें वाशिमला उतरतील, त्यांना जीपनें आणावें. सकाळीं लवकर निघून माहूरला देवीचें, दत्ताचें व अनसूयामातेचें दर्शन घेऊं. दुपारीं आत्यांच्या गुडघ्यांसाठीं उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर स्नान. संध्याकाळीं सहस्रकुंडाचा धबधबा पाहून किनवटला मुक्काम. दुसऱ्या दिवशीं उमरखेडावरून परत. वाटेंत जेवणाचें पाहूं. आजींना पायऱ्या जमत नाहींत."

बेत वाचून सर्वांनीं मान डोलावली. मीहि डोलावली. वाक्यें ओघवतीं होतीं, आणि ओघ असला कीं मन शंका घेत नाहीं. नंतर सहज म्हणून मी कागदावर चार रकाने ओढले: दिनांक, वेळ, स्थळ आणि टीप. पहिल्याच ओळीला हात थबकला, कारण दिनांकाच्या रकान्यांत काय लिहावें तें कळेना.

आत्या शनिवारीं रात्रीं उतरणार, तर "सकाळीं लवकर" म्हणजे रविवारची सकाळ, आणि "दुसरा दिवस" सोमवार. परंतु सोमवारीं मुलांची शाळा होती, व पुतण्याच्या मनांत तर शनिवार-रविवारच होते. मग मी बहिणीकडून तिकिटाची प्रत मागविली. तींत वाशिमला पोंचण्याची वेळ 11 ऑक्टोबर, 00:30 अशी होती. रेल्वेचा दिवस मध्यरात्रीं पालटतो. 11 तारखेचे 00:30 म्हणजे शनिवार नुकता सुरू झालेला असतो. आपण बोलतांना तिला शुक्रवारची रात्रच म्हणतों. जीप शनिवारीं रात्रीं गेली असती, तर माझी सत्तरीला टेकलेली बहीण पूर्ण एक दिवस वाशिमच्या फलाटावर ताटकळली असती. म्हणून माझा पहिला नियम असा, कीं प्रत्येक ओळींत दिनांक आणि वार दोन्ही लिहावे, आणि मध्यरात्र उलटली कीं नवी तारीख घालावी.

तक्ता भरतांना वरून खालीं येऊं नये. आधीं ज्या वेळा आपल्या हातांत नाहींत, त्या लिहाव्या. आमच्या बेतांत अशा दोनच होत्या: गाडीची वेळ आणि सूर्यास्त. त्यांपासून मागें मोजीत जावें. वाशिमचा रस्ता जीपला दीड तासाचा धरला, अर्धा तास हातीं ठेवला, म्हणजे पुसदहून साडेदहाला निघणें आलें. परत घरीं पोंचायला सव्वादोन. मग "सकाळीं लवकर" या शब्दांना पांचचा अर्थ देणें क्रूरपणाचें होतें, आठ लिहिले.

दुसरें असें, कीं प्रवासाला स्वतःची ओळ द्यावी. परिच्छेदांत "दर्शन घेऊन उनकेश्वरला" असें म्हटलें कीं मधला रस्ता नाहींसा होतो. सगळा वेळ स्थळांनाच मिळाल्याचा भास होतो. आम्हीं रस्त्यांच्या ओळी घातल्या, तेव्हां किनवटला पोंचायलाच सव्वासहा वाजूं लागले. ऑक्टोबरच्या मध्याला आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सहस्रकुंड तेथून आणखी सव्वा तास पुढें. म्हणजे पैनगंगेचा धबधबा केवळ कानांनींच पाहावा लागला असता! शिवाय तें स्थळ किनवटहून उमरखेडाकडे येतांनाच लागतें. संध्याकाळीं तेथें जाऊन मुक्कामाला मागें फिरायचें व सकाळीं पुन्हां तोच रस्ता तुडवायचा, असा तो बेत होता. सहस्रकुंड रविवारच्या सकाळीं गेलें आणि दोन्ही अडचणी एकदम सुटल्या.

ऐकणारांना तक्ता दाखवितां येत नाहीं, म्हणून तो छापील प्रतीसाठीं देत आहें. "सु." म्हणजे आमचा अंदाज; जेथें तें अक्षर नाहीं, ती वेळ पाळलीच पाहिजे.

| दिनांक, वार | वेळ | स्थळ | टीप |
|---|---|---|---|
| 10 ऑक्टो., शुक्र. | 22:30 | पुसद ते वाशिम | जीप. पुतण्या जाईल |
| 11 ऑक्टो., शनि. | 00:30 | वाशिम स्थानक | तिकिटावरील वेळ |
| 11, शनि. | सु. 2:15 | पुसद, घर | विश्रांति |
| 11, शनि. | 8:00 | पुसद ते माहूर | दीड तास |
| 11, शनि. | सु. 9:30 | रेणुकादेवी | आजी खालीं थांबतील. दर्शन दोन पाळ्यांनीं |
| 11, शनि. | सु. 12:00 | दत्तशिखर, अनसूया | उशीर झाल्यास अनसूया गाळावी |
| 11, शनि. | सु. 13:30 | माहूर, जेवण | ? सूनबाई आदल्या दिवशीं विचारतील |
| 11, शनि. | सु. 14:30 | माहूर ते उनकेश्वर | एक तास |
| 11, शनि. | सु. 15:30 | उनकेश्वर, स्नान | गाळूं नये; कोरडे कपडे वरच्या पिशवींत |
| 11, शनि. | 17:00 | उनकेश्वर ते किनवट | मुक्काम, सु. 18:15 ला पोंच |
| 12 ऑक्टो., रवि. | 8:00 | किनवट ते सहस्रकुंड | सव्वा तास |
| 12, रवि. | सु. 9:15 | सहस्रकुंड | खडक निसरडे; मुलांचे हात धरावे |
| 12, रवि. | 10:45 | उमरखेडावरून पुसद | जेवण उमरखेडास |

टीपेच्या रकान्याविषयीं थोडें सांगतों, कारण तक्ता बहुधा तेथेंच बिघडतो. कित्येक लोक त्यांत स्थळाचें माहात्म्य लिहितात. मग रकाना फुगतो आणि कामाची गोष्ट बुडते. त्या जागीं, त्या वेळीं ज्याची गरज पडेल, तेवढेंच तेथें असावें. आजींच्या पायऱ्यांचें वाक्य परिच्छेदाच्या शेवटीं लोंबकळत होतें. तें रेणुकादेवीच्या ओळींत नेऊन बसविलें, तेव्हां प्रश्न उभा राहिला, कीं त्यांच्याजवळ कोण थांबणार? दोन पाळ्या ठरल्या आणि तासाभराचें दर्शन अडीच तासांचें झालें. औषधें, छत्र्या, जीपवाल्याचा क्रमांक हें सर्व प्रवासाला लागू असल्यामुळें तक्त्याच्या वर वेगळें लिहिलें.

"जेवणाचें पाहूं" याचें काय करावें? पुतण्या तेथें एका खाणावळीचें नांव दडपून मोकळा होणार होता. मीं प्रश्नचिन्ह घातलें आणि विचारणाराचें नांव जोडलें. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून न ठरलेली गोष्ट ठरल्यासारखी लिहिणें हा मोठा दोष आहे. कारण छापल्यासारखी वेळ दिसली कीं माणसें तिच्यावर विसंबतात.

एक गोष्ट मात्र तक्ता स्वतः होऊन सांगत नाहीं, ती म्हणजे कारण. "आत्यांच्या गुडघ्यांसाठीं" हे शब्द माझ्या पहिल्या तक्त्यांत गळाले होते, कारण ते ना वेळेंत बसत, ना स्थळांत. मूळ परिच्छेद शेजारीं ठेवून एकेक वाक्यावर रेघ मारीत गेलों, तेव्हां तेवढे शब्द रेघेवांचून उरले. त्यांतूनच "गाळूं नये" ही टीप आली.

प्रत्यक्षांत देवीच्या दर्शनाला गर्दी निघाली आणि आम्ही सव्वा तास मागें पडलों. जीपवाला म्हणाला, "काका, उनकेश्वर राहूं द्या, सरळ किनवट गांठूं." सकाळपासून ताटकळलेल्या मुलांनाहि तें पटलें होतें. पुतण्यानें खिशांतला कागद उघडून पाहिला आणि अनसूयेच्या ओळीवर काट मारली. दत्तशिखरावरूनच आम्ही खालीं उतरलों, व चारच्या पुढें माझी बहीण उनकेश्वरच्या ऊन पाण्यांत गुडघे सोडून बसली.