☀️ *ऊन कडक, तरी सोलर पंपाचं पाणी कमी का?*



या आठवड्यात एका सभासदांचा फोन आला, "ताई, ऊन डोकं फोडतंय, तरी दुपारी पंपाची धार बारीक. पॅनल खराब झालं का?" पॅनल खराब नव्हतं, तापलं होतं.

पॅनलला *उजेड* हवा असतो, *उष्णता* नको. उजेड वाढला की करंट वाढतो, पण पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं.

*पॅनलमागे लिहिलेले ३३५ वॅट कुठले?*
ते कारखान्यातल्या चाचणीचे. तिथे दर चौरस मीटरवर १००० वॅट उजेड पाडतात आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश ठेवतात. यालाच एसटीसी म्हणतात. आपल्या रानात उन्हाळ्यात असं होत नाही. भर उन्हात सेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त तापतो.

*हिशोब करून बघू*
३ एचपी पंप, ३३५ वॅटची ९ पॅनल, म्हणजे कागदावर साधारण ३००० वॅट.

*एप्रिल, दुपार:* हवा ४२ अंश, उजेड ९००. सेल जातो ७० अंशांच्या आसपास, म्हणजे २५ पेक्षा ४५ अंश जास्त. अशा पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते (नेमका आकडा माहितीपत्रकात असतो). ४५ अंशांना १८ टक्के घट. उजेड ९०० असल्याने ३००० चे आधी २७०० झाले, त्यातून १८ टक्के गेले. उरले *सुमारे २२०० वॅट.*

*डिसेंबर, दुपार:* हवा २५ अंश, उजेड ८००. सेल ५० अंश, घट फक्त १० टक्के. मिळाले *सुमारे २१६० वॅट.*

म्हणजे एप्रिलचं जास्तीचं ऊन तापण्यातच गेलं. त्यात उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, म्हणून धार आणखी बारीक दिसते.

*मग बिघाड कसा ओळखायचा?*
उष्णतेची घट दुपारी दिसते, सकाळी गारव्यात कमी होते. सकाळी ९ लाही धार चार दिवसांपूर्वीच्या ९ पेक्षा बारीक असेल, आणि आभाळ व विहिरीची पातळी तशीच असेल, तर कारण उष्णता नाही. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडाची सावली किंवा ढिली वायर तपासा. वायरच्या जोडाला स्वतः हात लावू नका, टेक्निशियनला बोलवा.

*काय करायचं?*
✅ पॅनलखाली कडबा, ताडपत्री रचू नका. खालून वारा खेळला तर पॅनल कमी तापतं.
✅ पॅनल सकाळी लवकर, गार असतानाच धुवा.
❌ दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते.
✅ जास्त पाणी लागणाऱ्या प्लॉटची पाळी सकाळी ९ ते १२ मध्ये लावा. उजेड चांगला असतो आणि पॅनल अजून पूर्ण तापलेलं नसतं.

शंका असेल तर पंपाच्या कंट्रोलरवरच्या आकड्यांचा सकाळी ९ चा आणि दुपारी २ चा फोटो ग्रुपवर टाका, मी बघून सांगते.

— तुमची कृषी सल्लागार